पंक्चरच्या दुकानात शिका वाइड, मिड आणि क्लोजअप

मोबाइलवर पहिल्यांदा काही नीट शूट करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो. जिथे उभा राहून बोलत होता, तिथेच उभा राहून सगळं टिपतो. चार-पाच फुटांवरून, छातीच्या उंचीवरून, समोरचा माणूस कमरेपासून वर. घरी येऊन क्लिप्स एकापुढे एक लावल्या की काहीतरी खटकतं. माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो, दुकान कुठे आहे ते कळत नाही आणि तो हातात काय करतोय तेही दिसत नाही. माझ्या पहिल्या शूटच्या चाळीसेक क्लिप्स अशाच होत्या. त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींना जोडता येईनात. कॅमेऱ्यात काही दोष नव्हता. सगळे शॉट एकाच मापाचे होते, एवढंच.

ही मापं शिकायला मी नवीन मुलांना सायकलच्या पंक्चरवाल्याकडे नेतो. काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, हात सतत हलत असतात आणि मधोमध एक खरा शोध असतो: भोक कुठे आहे? या लेखात त्याच कामाचं साधारण पाऊण मिनिटाचं दृश्य बांधू. साधा मोबाइल पुरेल. तो आडवा धरा.

आधी एक पंक्चर कॅमेऱ्याशिवाय बघा

दुकानात गेल्या गेल्या फोन काढू नका. मामांना सांगा, "मामा, तुमच्या कामाचा छोटा व्हिडिओ करायचाय, दोन-तीन पंक्चर होईपर्यंत इथे बसलो तर चालेल का?" हो म्हणाले की एक अख्खं पंक्चर नुसतं बघा.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली जाते. हवा सोडून लोखंडी पट्टीने टायरची कड रिमच्या बाहेर उचलतात आणि ट्यूब ओढून काढतात. तिच्यात हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवतात. बुडबुडे आले की जागा सापडली. तिथे खूण करतात, फडक्याने पुसतात, कानस किंवा पॉलिश पेपरने घासतात, सोल्युशन लावतात आणि ते सुकू देतात. मग ठिगळ बसवून हातोडीने ठोकतात. टायरच्या आतून बोटं फिरवून काटा किंवा खिळा राहिलाय का ते चाचपतात, ट्यूब आत घालतात, हवा भरतात.

बघताना एकच गोष्ट मनात नोंदवा: यातलं काय पुन्हा करून दाखवता येईल आणि काय नाही. ठिगळ लागेपर्यंत ट्यूब पाण्यात कितीही वेळा बुडवता येते, बुडबुडे प्रत्येक वेळी येतात. टायर उचलताना पट्टी दोन-तीन ठिकाणी घालतात, म्हणजे तीही संधी दोन-तीनदा मिळते. सोल्युशन मात्र एकदाच लागतं. ट्यूब टायरमधून बाहेर येते तो झटकाही एका पंक्चरला एकदाच. जे एकदाच होणार त्यासाठी जागा आधी ठरवून थांबायचं, जे पुन्हा होणार ते निवांत घ्यायचं. शूटिंगचं निम्मं नियोजन एवढ्यात होतं.

तीन मापं, पायांनी मोजून

शॉटचं नाव चौकटीत किती मावतं त्यावरून पडतं. तुमच्या आणि माणसाच्या मधल्या अंतरावरून नाही. तरी मोबाइलच्या मुख्य लेन्सवर, म्हणजे पडद्यावर 1x दिसतं तेव्हा, अंतरं साधारण सांगता येतात.

वाइड म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत, आणि त्याच्याभोवतीची जागा. पंक्चरवाल्याच्या वाइडमध्ये पत्र्याची शेड, उलटी सायकल, घमेलं, मामा आणि सायकल घेऊन आलेला मुलगा, सगळे हवेत. त्यासाठी पंधरा-सोळा फूट मागे जावं लागतं, म्हणजे बहुधा रस्त्याच्या कडेला. वाइडचं काम एकच: कोण कुठे आहे हे सांगणं. मामांच्या डाव्या हाताला घमेलं आहे आणि मुलगा त्याच्या पलीकडे उभा आहे हे प्रेक्षकाला एकदा कळलं की पुढचा प्रत्येक जवळचा शॉट तो आपसूक त्या नकाशात बसवतो.

मिड शॉट म्हणजे बसलेल्या किंवा उभ्या माणसाचा कमरेच्या आसपासपासून वरचा भाग. अंतर चार-पाच फूट. चेहरा आणि हात दोन्ही एका चौकटीत येतात ते फक्त इथेच, म्हणून "कोण काय करतोय" हे मिड शॉट सांगतो. मामा बसून काम करत असतील तर तुम्हीही बसा. उभं राहून वरून घेतलं की टोपी आणि पाठच जास्त दिसते.

चौकटीची खालची कड माणसाच्या सांध्यावर येऊ देऊ नका. गुडघा, मनगट, कोपर किंवा मान बरोबर कडेवर आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. कड दोन सांध्यांच्या मधे ठेवा: मांडीच्या मध्यावर, कमरेच्या जरा वर, छातीवर. डोक्यावर थोडी जागा हवी, पण चेहरा चौकटीच्या मध्यावर आला तर वर नुसता पत्राच दिसेल. डोळे वरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास ठेवले की प्रश्न मिटतो. माणूस ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त जागा सोडा.

क्लोजअप म्हणजे एकच गोष्ट, बाकी सगळं बाहेर. माणसाचा क्लोजअप खांद्यापासून वर. वस्तूच्या बाबतीत बोटं आणि ट्यूब, पाणी आणि बुडबुडे, हातोडी आणि ठिगळ.

इथे मोबाइलची एक मर्यादा समजून घ्यायला हवी. 1x वर चेहऱ्याने चौकट भरायची तर फोन दीड फुटांवर न्यावा लागतो. एवढ्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, शिवाय समोरचा माणूस अवघडतो. म्हणून चेहऱ्यासाठी 2x निवडा आणि तीन फुटांवर थांबा. चेहरा तेवढाच मोठा येतो, पण वेडावाकडा होत नाही. हातांसाठी ही अडचण नाही. तिथे 1x वरच फूटभर अंतरावर जा. त्याहून फार जवळ गेलात तर बरेच फोन फोकस धरत नाहीत. चित्र मऊ दिसायला लागलं की दोन-तीन इंच मागे या. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात, रंग आणि चौकट क्षणात बदलते. तसं झालं तरी उपाय तोच, जरा मागे.

चालू शॉटमध्ये झूम करू नका. दोन बोटांनी केलेला झूम हिसके देतो, आणि फार पुढे गेला की चित्र फाटतं. माप बदलायचं तर रेकॉर्डिंग थांबवा, पाय उचला, नवी जागा घ्या.

प्रत्येक शॉट दहा सेकंद

रेकॉर्डचं बटण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजा. हात हलवू नका, फोन फिरवू नका. कोपरं बरगड्यांना टेकवली किंवा फोन उलट्या सायकलच्या चाकाला टेकवला तरी पुरेसा स्थिर राहतो.

शेवटी वापरायचे दोन-तीनच सेकंद असले तरी दहा लागतात, कारण बटण दाबताना आणि सोडताना फोन हलतो, आणि कुठले तीन सेकंद चांगले आहेत ते आधी माहीत नसतं. आणखी एक कारण जास्त महत्त्वाचं आहे. क्रिया सुरू होण्याआधी शॉट सुरू व्हायला हवा आणि ती संपल्यावरही थोडा चालू राहायला हवा. मामा ट्यूब बुडवतायत तर हात पाण्यावर यायच्या आधी रेकॉर्डिंग चालू, आणि हात बाहेर निघाल्यावर बंद. ही पुढची-मागची शिल्लक नसेल तर एडिटिंगला बसल्यावर जोडायला काही उरत नाही.

पत्र्याखाली सावली आणि बाहेर ऊन, हा पंक्चरच्या दुकानातला कायमचा त्रास. फोन सतत उजेड स्वतः ठरवत राहतो. मामांचा हात चौकटीत आला की चित्र उजळतं, बाहेर गेला की काळवंडतं. पडद्यावर मुख्य गोष्टीवर बोट दाबून धरा. आयफोनवर `AE/AF LOCK` अशी पाटी येते, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कुलपाचं चिन्ह. मग उजेड आणि फोकस दोन्ही अडकून राहतात. जागा बदलली की हे पुन्हा करायचं.

एक बाजू पकडा, ती सोडू नका

मामा घमेल्याकडे बघतायत. त्यांच्या डोळ्यांपासून घमेल्यापर्यंत जमिनीवर एक रेघ आहे अशी कल्पना करा आणि ती रेघ पुढेमागे लांब वाढवा. तुम्ही या रेघेच्या रस्त्याकडच्या बाजूला उभे असाल, तर सगळे शॉट त्याच बाजूने घ्या. मग वाइडमध्ये मामा उजवीकडे बघत असतील तर मिडमध्येही उजवीकडेच बघतील आणि क्लोजअपमध्येही.

रेघ ओलांडून पलीकडे गेलात की तेच मामा पडद्यावर डावीकडे बघायला लागतात. प्रत्यक्षात काहीही बदललेलं नाही, पण दोन शॉट जोडल्यावर वाटतं की ते एकदम वळून दुसऱ्याच कुणाकडे बघतायत, किंवा घमेलं उडी मारून दुसऱ्या बाजूला गेलंय. ही चूक शूट करताना कळत नाही, कारण तुम्ही स्वतः चालत तिकडे गेलेले असता आणि तुमच्या डोक्यात जागा पक्की असते. प्रेक्षक चालत आलेला नसतो. म्हणून बाजू ठरली की जमिनीवर चप्पल काढून ठेवा, किंवा एखादा खांब धरून ठेवा: याच्या पलीकडे जायचं नाही.

सरळ वरून घेतलेल्या घमेल्याच्या क्लोजअपला ही अडचण फारशी येत नाही, कारण त्यात कुणी कुठे बघताना दिसत नाही. नाइलाजाने बाजू बदलायचीच असेल तर मधे असा एखादा शॉट टाकला की खटका निघून जातो.

कशाला काय जोडायचं

दोन शॉट जोडताना मी दोन गोष्टी तपासतो.

पहिली, माप खरंच बदललंय का. कमरेपासूनचा मिड आणि छातीपासूनचा मिड शेजारी ठेवले तर माणूस पडद्यावर टुणकन पुढे उडाल्यासारखा दिसतो. याला जंप कट म्हणतात. तोच मिड थेट चेहऱ्याच्या क्लोजअपला जोडा, किंवा वाइडला, खटका जातो. त्याच माणसाचे दोन शॉट असतील तर दुसऱ्यात तो पहिल्यापेक्षा निदान दुप्पट मोठा किंवा निम्मा लहान दिसायला हवा, असा माझा ठोकताळा आहे. शिवाय कॅमेऱ्याची जागाही थोडी सरकवा. जुना नियम तीस अंशांचा आहे, म्हणजे माणसाभोवती घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकतो तेवढं. त्यापेक्षा कमी सरकलात तर बदल मुद्दाम केलेला न वाटता चुकून झाल्यासारखा वाटतो.

दुसरी, आधीच्या शॉटने जो प्रश्न उभा केला त्याचं उत्तर पुढच्यात आहे का. मिडमध्ये मामा खाली बघतात. प्रेक्षकाला लगेच वाटतं, काय बघतायत? पुढे पाण्याचा क्लोजअप. बुडबुडे दिसले की पुढची ओढ लागते ती मामांच्या डोळ्यांची, त्यांना सापडलं का? आता चेहऱ्याचा क्लोजअप. हा क्रम हाताशी आला की शॉट पाठ करावे लागत नाहीत, एक दुसऱ्याला बोलावतो.

चेहऱ्याची ताकद नवीन माणसाला पटत नाही, म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. 1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि तो वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. त्यात सूपचं ताट होतं, शवपेटी होती. सांगतात की बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख. पंक्चरच्या दुकानात हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. वाट बघत उभ्या असलेल्या मुलाचा एक साधा क्लोजअप घ्या, त्याला काहीही करायला सांगू नका. तो बुडबुड्यांनंतर लावा, मुलगा चिंतेत दिसेल. तोच हवा भरलेल्या चाकानंतर लावा, हायसं वाटलेला दिसेल. म्हणूनच "हस बघू" असं कुणाला सांगायची गरज नसते. सांगितलं की चेहरा खोटा होतो आणि मग तो कशालाच जोडता येत नाही.

हालचालीवर कापायचं

हे एकदा जमलं की काम एकदम बदलतं, म्हणून यावर वेळ घालवा.

समजा टायर उचलण्याचा क्लोजअप आहे आणि नंतर मामा ट्यूब बाहेर ओढतात तो मिड. क्लोजअप पूर्ण संपवून, हात थांबल्यावर मिड लावला तर मधे एक पोकळी जाणवते. त्याऐवजी क्लोजअपमध्ये बोटं ट्यूब धरून ओढायला लागतात तिथेच कापा, आणि मिडमध्ये ट्यूब अर्धी बाहेर आलेली असताना सुरू करा. ओढण्याची हालचाल एका शॉटमध्ये सुरू होते आणि दुसऱ्यात पूर्ण होते. डोळा हालचालीच्या मागे लागलेला असतो, त्यामुळे जोड दिसत नाही.

त्यासाठी ओढण्याची क्रिया दोन्ही शॉटमध्ये पूर्ण असायला हवी, आणि ती तर एकदाच होते. मग काय करायचं? पुढच्या पंक्चरपर्यंत थांबायचं. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी सगळे वाइड आणि मिड घ्या, दुसऱ्याच्या वेळी नुसते क्लोजअप. ट्यूब काळीच असते, मामांचे हात तेच, शर्ट तोच. फक्त क्लोजअपमध्ये सायकलची दांडी येऊ देऊ नका, कारण पहिली लाल होती आणि दुसरी निळी असेल. मामांनी कुठल्या हाताने ओढली तेही लक्षात ठेवा. मिडमध्ये उजवा हात आणि क्लोजअपमध्ये डावा असला, तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण चुकलंय हे जाणवेल.

बुडबुड्यांसाठी एवढं थांबायची गरज नाही. तिथे सरळ विचारा, "मामा, परत एकदा बुडवता का? या वेळी जरा हळू." माझ्या अनुभवात याला कुणी नाही म्हणत नाही. मात्र एका कामात दोनदाच विचारा. त्यांच्यामागे गिऱ्हाईक उभं असतं.

बांधलेलं दृश्य

आता ते पाऊण मिनिट. कंसात त्या शॉटची लांबी.

1. वाइड: दुकान, उलटी सायकल, मामा, मुलगा (5 सेकंद)
2. क्लोजअप: पट्टी टायरखाली जाते, बोटं ट्यूब धरतात (3)
3. मिड: मामा ट्यूब ओढून काढतात (4)
4. मिड, जरा बाजूने: हवा भरलेली ट्यूब घमेल्यात बुडते, मामा खाली बघतात (4)
5. क्लोजअप: पाणी, फिरणारी ट्यूब, आधी काहीच नाही, मग बुडबुडे (5)
6. क्लोजअप: मामांचा चेहरा, नजर एका जागी थांबते (2)
7. मिड: मुलगा वाकून बघतो (3)
8. क्लोजअप: कानस ट्यूबवर घासते (2)
9. क्लोजअप: बोट सोल्युशन पसरवतं (2)
10. मिड: मामा सोल्युशन सुकायची वाट बघत मुलाशी बोलतात (4)
11. क्लोजअप: ठिगळावर हातोडी (3)
12. वाइड: मुलगा सायकलवर टांग टाकून रस्त्याने दूर जातो (6)

बेरीज 43 सेकंद. वीस मिनिटांचं काम एवढ्यात बसतं आणि तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. हवा भरणं, पुसणं, खूण करणं यातलं काही दाखवलेलं नाही, बघणारा ते मनात भरून घेतो.

तिसरा आणि चौथा दोन्ही मिड आहेत, आणि दोन्हीत मामाच आहेत. नियमाने हे चुकीचं. इथे चालतं, कारण मधे वेळ गेलेला आहे, जागा बदललेली आहे आणि ट्यूब आता फुगलेली आहे. तरीही खटकलं तर दोघांच्या मधे पंपाच्या दांड्याचा किंवा सायकलच्या घंटीचा दोन सेकंदांचा क्लोजअप टाका. अशा शॉटला कटअवे म्हणतात. शूट संपवून निघताना असे चार-पाच शॉट घेऊनच निघा: घंटी, भिंतीवर टांगलेले टायर, ठिगळांचा डबा, रस्त्यावरची वर्दळ. एडिटिंगला बसल्यावर दोन शॉट जुळत नाहीत असं लक्षात येतं, तेव्हा हेच शॉट वाचवतात.

आठवा आणि नववा, दोन क्लोजअप लागोपाठ आहेत. ते चालतात, कारण गोष्ट वेगळी आहे, आधी कानस आणि मग बोट. शिवाय ते दोन-दोन सेकंदांचे असल्याने कामाला वेग येतो. पाचवा शॉट क्लोजअप असूनही सगळ्यांत लांबपैकी एक आहे, कारण शोध तिथे आहे. बुडबुडा लगेच दाखवलात तर मजा जाते. ट्यूब निदान दोन सेकंद रिकामी फिरू द्या.

हाच माल उलट्या क्रमानेही लावून बघा. पाण्याचा क्लोजअप पहिला, मग मामांचा चेहरा, मग मिड आणि शेवटी वाइड. आता प्रेक्षकाला सुरुवातीला हे काय आहे तेच कळत नाही, आणि दुकान दिसल्यावर उलगडा होतो. छोट्या व्हिडिओला ही सुरुवात चांगली धरून ठेवते. पण पहिल्या दहा-बारा सेकंदांत वाइड आला नाही, तर कुतूहलाचा गोंधळ होतो. लांब दृश्यात मी वाइडने सुरुवात करणंच पसंत करतो.

आवाजाचं एक छोटं काम उरतं. निघण्याआधी फोन जागेवर ठेवून एक मिनिट नुसता दुकानाचा आवाज रेकॉर्ड करा: रस्ता, हातोडी, कुणाचं बोलणं. प्रत्येक क्लिपचा आवाज वेगळा असतो आणि जोडावर तो तुटतो. हा एक सलग आवाज सगळ्यांच्या खाली हलका लावला की बारा तुकडे एका जागचे वाटायला लागतात.

जमलं का, हे कसं ओळखायचं

आवाज पूर्ण बंद करा आणि जो तुमच्याबरोबर आला नव्हता अशा कुणाला तरी हे 43 सेकंद दाखवा. मग तीन प्रश्न विचारा: घमेलं मामांच्या कुठल्या बाजूला होतं? भोक कशावरून सापडलं? सायकल कुणाची होती?

पहिलं अडलं तर वाइड कमी पडलाय, किंवा कुठेतरी रेघ ओलांडली गेलीय. दुसरं अडलं तर क्लोजअप पुरेसा जवळ नाही, नाहीतर फार लवकर कापलाय. तिसरं अडलं तर मुलगा पहिल्या वाइडमध्ये नीट दिसला नाही आणि सातव्या शॉटमध्ये अचानक उगवलाय. नेमकं काय परत घ्यायचं ते आता कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जा म्हणजे ऊन तिथेच असेल, आणि मामांना तोच शर्ट घालायला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.